अंगावरचं दूध बाळाला पुरतंय का? पहिल्या दोन आठवड्यांतले ओले डायपर आणि त्यांचा हिशेब

मुंबईत नॉर्मल बाळंतपण असेल तर साधारण दोन दिवसांत घरी सोडतात, सिझेरियन असेल तर तीन-चार दिवसांत. पान्हा फुटण्याचा काळही नेमका तोच. त्यामुळे दूध पुरतंय की नाही हा प्रश्न पडतो तेव्हा जवळ नर्स नसते. असते आई, सासूबाई, मालिशवाली मावशी आणि शेजारच्या काकू, आणि प्रत्येकीचं मत वेगळं. खालची उत्तरं पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या, एरवी ठणठणीत असलेल्या आणि फक्त अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आहेत. बाळ वेळेआधी झालं असेल किंवा जन्मतः वजन कमी असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रकच पाळा.

पहिले दोन दिवस दूध आलंच नाही असं वाटतं. बाळाचं भागतं कशावर?

चिकावर. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चहाचा एक चमचा मावतो आणि चीकही तेवढाच येतो. छाती भरल्यासारखी वाटणं, दूध गळणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतं. सिझेरियननंतर किंवा पहिलटकरणीला थोडा उशीर होऊ शकतो. तोवर दर दोन-अडीच तासांनी बाळाला छातीशी धरणं हेच काम. तीन दिवस पूर्ण होऊनही छातीत काहीच बदल जाणवला नाही, तर मात्र चौथ्या दिवशी दाखवून या, आठवडाभर वाट पाहू नका.

दिवसाला किती डायपर ओले व्हायला हवेत?

पहिल्या दिवशी निदान एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी चार. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त, आणि तेही चांगले जड. हा किमान आकडा आहे, जास्त झाले तर उत्तमच.

घोळ होतो तो ‘दिवस’ मोजताना. बाळ बुधवारी रात्री ९ वाजता जन्मलं, तर पहिला दिवस गुरुवारी रात्री ९ वाजता संपतो. कॅलेंडरवर पाहून शुक्रवारी सकाळीच ‘तिसरा दिवस लागला, तीन का नाही झाल्या’ म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. कागदावर जन्माची वेळ लिहा आणि तिथून चोवीस-चोवीस तासांच्या रेघा मारा.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापुरती लक्षात ठेवा. बाळंतपणात, विशेषतः सिझेरियनच्या वेळी, आईला सलाईन चढवतात. त्यातलं काही पाणी बाळाच्या अंगातही जातं आणि बाळ ते पहिल्या दिवशी सू करून टाकतं. म्हणून पहिल्याच दिवशी चार डायपर ओले झाले, तर त्यावरून दूध भरपूर आहे असं म्हणता येत नाही. खरा हिशेब तिसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

डायपर हाताला कोरडाच लागतो. ओला झालाय हे कसं ओळखायचं?

आजकालच्या डायपरमध्ये सू शोषून तिचा गोळा करणारे बारीक दाणे असतात. त्यामुळे वरचा थर कोरडा लागतो आणि आजी म्हणते, ‘अगं, सकाळपासून सूच नाही केली!’ हात लावून नव्हे, वजनावरून ओळखायचं.

घरीच एकदा करून पाहा. एक कोरडा डायपर घ्या, त्यात ३० मिली पाणी ओता, म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाने मोजून. दोन मिनिटं थांबा. आता एका हातात तो आणि दुसऱ्या हातात नवा कोरडा डायपर धरा. पाचव्या दिवसानंतर ‘चांगला ओला’ म्हणायचं ते निदान या वजनाला; ४५ मिलीपर्यंत असेल तर आणखी छान. घरात केकचं साहित्य मोजायचा डिजिटल काटा असेल तर काम आणखी सोपं. एक मिली म्हणजे जवळपास एक ग्रॅम, तेव्हा वापरलेल्या डायपरच्या वजनातून कोरड्याचं वजन वजा करा.

डायपरवर जी पिवळी रेघ निळी होते, तिच्यावर एका मर्यादेपर्यंतच विसंबा. थोड्याशा ओलाव्यानेही ती निळी पडते. सू झाली एवढंच ती सांगते, किती झाली ते नाही. पहिल्या आठवड्यात शंका असेल तर डायपरच्या आत एक टिश्यू पेपर ठेवा. तो भिजलेला दिसतो, आणि सू चा रंगही दिसतो, जो डायपरमध्ये नीट कळत नाही. पाचव्या दिवसानंतर सू फिकट, जवळजवळ पाण्यासारखी असायला हवी. गडद पिवळी आणि उग्र वासाची असेल तर दूध कमी जातंय असं समजून चाला.

आम्ही डायपर वापरतच नाही, सुती लंगोट वापरतो. मग सहाच मोजायचे का?

लंगोट ओला झाला की लगेच बदलतो, त्यामुळे आकडा आपोआप मोठा येतो. दिवसाला आठ-दहा किंवा त्याहून जास्त लंगोट निघणं नेहमीचंच. डायपरमध्ये दोन-तीन वेळची सू एकत्र साठते, लंगोटात प्रत्येक वेळची वेगळी दिसते. म्हणून लंगोट वापरणाऱ्या घरात सहा हा आकडा काठावरचा समजा आणि प्रत्येक लंगोट किती भिजलाय तेही पाहा. रुपयाएवढा डाग आणि दुपट्यापर्यंत पोचलेला ओलावा यांना सारखं मोजू नका.

मोजणीत दोन चुका नेहमी होतात. एक, मालिश आणि आंघोळ. मावशीच्या पायांवर पालथं घातलेलं बाळ हमखास सू करतं, ती कुणीच मोजत नाही. तिला सांगून ठेवा. दुसरी चूक पावसाळ्यातली. जुलैमध्ये घरातल्या दोरीवर पंख्याखाली वाळवलेले लंगोट पूर्ण कोरडे होतच नाहीत. असा दमट लंगोट बांधला की तासाभराने हात लावल्यावर ओलाच लागणार, आणि आपण एक सू मोजून मोकळे. पहिले दोन आठवडे तरी लंगोट इस्त्री करून घ्या, किंवा दिवसातले काही तास डायपर वापरून खात्री करा. मे महिन्यात घामानेही हीच फसगत होते.

लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला. रक्त आहे का?

बहुतेक वेळा नाही. बाळाची सू घट्ट असली की तिच्यातले युरेट नावाचे क्षार खाली बसतात आणि विटेच्या भुकटीसारखा गुलाबी-केशरी डाग पडतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत असा डाग दिसला तर काळजी नाही, कारण तेव्हा चीकच थोडा असतो. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर त्याचा अर्थ वेगळा: बाळाच्या पोटात दूध पुरेसं जात नाहीये. त्याच दिवशी वजन करून घ्या.

मुलगी असेल तर पहिल्या आठवड्यात योनीमार्गातून पांढरट स्राव किंवा रक्ताचा एखादा थेंब येऊ शकतो. आईकडून मिळालेले हार्मोन्स उतरल्यामुळे तसं होतं आणि आपोआप थांबतं. खरंच रक्त वाटत असेल, मुलगा असेल, किंवा डाग वाढत असेल तर लंगोट पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. फोनवरच्या फोटोत हा फरक कळत नाही.

शी वरून काय कळतं?

माझ्या मते पहिल्या आठवड्यात सू पेक्षा शी जास्त खरं बोलते. पहिले एक-दोन दिवस डांबरासारखी काळी, चिकट शी होते. दूध पोटात जाऊ लागलं की ती खाली ढकलली जाते आणि रंग बदलतो: तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट-तपकिरी, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, बारीक दाणे असलेली. तेव्हापासून दिवसाला निदान तीन वेळा तरी व्हावी. बरीच बाळं प्रत्येक पाजणीनंतर करतात. त्याला जुलाब म्हणू नका.

पाचव्या दिवशीही शी काळी किंवा गडद हिरवी असेल, किंवा चोवीस तासांत एकदाच झाली असेल, तर डायपर कितीही ओले असोत, दूध कमी पडतंय असंच धरून चाला. डायपर ओला होतोय म्हणून घर निश्चिंत राहतं आणि बाळ आतून सुकत जातं, असं होऊ शकतं. कारण दूध कमी पडल्यावरही काही बाळांची सू बऱ्यापैकी चालू राहते.

मग नक्की कशावरून ठरवायचं?

वजनावरून. सू आणि शी रोजचा अंदाज देतात, वाद मिटवतो तो काटा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत जवळपास प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर लक्ष ठेवायचं. त्यापुढे गेलं तर कुणीतरी जाणकाराने पाजताना बघायला हवं. आणि दहा टक्क्यांच्या आसपास पोचलं तर त्याच दिवशी डॉक्टर. चौथ्या-पाचव्या दिवसापासून वजन वाढायला लागतं, दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम, आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, भांडुपच्या एका घरातलं बाळ बुधवारी रात्री ९ वाजता सिझेरियनने जन्मलं, वजन ३.१०० किलो. दहा टक्के म्हणजे ३१० ग्रॅम, तेव्हा २.७९० किलो ही लाल रेघ. हा आकडा घरी निघायच्या आधीच डिस्चार्ज कार्डवर लिहून ठेवावा. शनिवारी संध्याकाळी घरी सोडताना वजन २.८८०, म्हणजे २२० ग्रॅम उतरलं, सात टक्क्यांच्या थोडं वर. घरी आल्यावर रविवारी रात्री ९ पर्यंत तीन डायपर ओले, एकदा काळपट हिरवी शी, एक विटकरी डाग. सोमवारी डायपर पाच, पण त्यातले दोन हलके. शी एकदाच, अजून गडद हिरवी, आणि पुन्हा विटकरी डाग.

सोमवारच्या पाच डायपरांकडे पाहून कुणीही म्हणेल, एकच कमी आहे, चालायचंच. पण पाचवा दिवस संपत आलाय, शीचा रंग तिसऱ्या दिवसावर अडकलाय आणि विटकरी डाग गेलेला नाही. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. संध्याकाळी काट्यावर २.८००. तीनशे ग्रॅम गेले, साडेनऊ टक्क्यांच्या वर, लाल रेघेपासून दहाच ग्रॅम दूर.

डॉक्टर अशा वेळी कावीळ तपासतात, गरज वाटली तर रक्तातलं सोडियम बघतात आणि बाळाला पाजताना बघतात. या बाळाचं दुखणं पिण्यात होतं: चाळीस मिनिटं छातीशी असायचं, पण फक्त बोंडाशी चोखायचं, तीन-चार मिनिटं गिळायचं आणि मग डुलकी. उपाय असा ठरला: तोंड मोठं उघडल्यावरच, खालचा काळसर भाग जास्तीत जास्त आत जाईल असं धरायचं. गिळणं थांबलं की छाती हाताने हलके दाबायची, म्हणजे दूध पुढे येतं आणि बाळ पुन्हा गिळतं. दिवसा-रात्री दर दोन तासांनी उठवायचं. प्रत्येक वेळी पाजून झालं की हाताने दूध काढायचं आणि ते बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजायचं. मंगळवारी रात्रीपर्यंत सहा जड डायपर आणि तीन वेळा शी, शेवटची पिवळी. बुधवारी वजन २.८६०. त्याच्या पुढच्या बुधवारी ३.११०, म्हणजे चौदा दिवसांत जन्माच्या वजनाच्या पुढे.

काढलेलं दूध पुरलं नाही तर डॉक्टर काही दिवस वरचं दूध मोजून द्यायला सांगतात. तसं सांगितलं तर द्यावं. वजन खाली जात असताना हट्ट धरून बसण्यात शहाणपण नाही. पण ते पाजल्यानंतर, मोजून, आणि बाटलीऐवजी बोंडल्याने. छाती रिकामी होत राहिली नाही तर दूध आणखी आटतं.

वजन कुठे करायचं?

महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, बाळाच्या डॉक्टरांकडे किंवा जिथे बाळंतपण झालं तिथे. दर वेळी एकाच काट्यावर आणि अंगावर काहीही न घालता. झबलं, टोपडं, दुपटं आणि भरलेला डायपर मिळून शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि वरच्या उदाहरणात सगळा निर्णय दहा ग्रॅमवर आला होता. घरच्या काट्यावर आधी आपण उभं राहायचं आणि मग बाळाला घेऊन, हा प्रकार या वयात निरुपयोगी आहे.

पाजताना दूध जातंय हे कसं ओळखायचं?

हनुवटीकडे बघा. सुरुवातीला भराभर छोटे झटके येतात. दूध सुटलं की हनुवटी सावकाश खाली जाते, तिथे क्षणभर थांबते, मग वर येते. तो थांबा म्हणजे घोट. शांत खोलीत ‘क्-अ’ असा हलका आवाजही येतो. लोकलच्या आवाजात किंवा टीव्ही चालू असताना तो ऐकू येणार नाही, म्हणून बघणं जास्त बरं. पान्हा फुटल्यावर एका पाजणीत पाच-दहा मिनिटं तरी अशी गिळण्याची लय दिसायला हवी. किती वेळ छातीशी होतं त्याला फारसा अर्थ नाही. गाल आत जाणं, टक-टक आवाज येणं किंवा पाजल्यावर बोंड चपटं, एका बाजूला दबलेलं दिसणं, ही बाळाने नीट पकडलं नसल्याची खूण. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं नेहमीचं.

आमचं बाळ फार शांत आहे, पाच-पाच तास झोपतं. चांगलंच ना?

पहिल्या दोन आठवड्यांत नाही. ‘किती शहाणं बाळ, रडतच नाही’ असं कौतुक होत असलेल्या बाळाची मला रडणाऱ्या बाळापेक्षा जास्त चिंता वाटते. दूध कमी पडलं की अंगात ताकद राहत नाही, ताकद नाही म्हणून बाळ झोपतं, आणि झोपतं म्हणून आणखी कमी पितं. त्यात कावीळ असेल तर झोप वाढतेच. वजन जन्माच्या आकड्यावर परत येईपर्यंत तीन तासांहून जास्त झोपू देऊ नका. दुपटं सोडा, डायपर बदला, तळपाय चोळा. एवढं करूनही दोन पाजण्यांच्या वेळा बाळ जागं झालं नाही, तर थेट दवाखाना.

संध्याकाळी सारखं रडतं आणि सारखं पितं. आणि पंप लावला तर वाटीभरही दूध निघत नाही.

संध्याकाळी सहा ते रात्री अकराच्या दरम्यान लागोपाठ पिणं बहुतेक बाळं करतात. दिवसाचे डायपर, शी आणि वजन ठीक असेल तर रडण्यावरून दूध मोजू नका. पंपात किती निघतं त्यावरूनही नाही. बाळ पंपापेक्षा जास्त दूध ओढतं. काही आठवड्यांनी छाती मऊ राहते, गळत नाही, तेही नेहमीचं.

मुंबईचा उकाडा आहे. थोडं पाणी, ग्राइप वॉटर, घुटी, मध दिला तर?

काहीच नको. आईच्या दुधात साधारण सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं, मे महिन्यातही तेवढं पुरतं. पाण्याने पोट भरतं, बाळ कमी पितं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डायपर ओला होतो, त्यामुळे हिशेबच चुकतो. मधातून तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षभर मध चाटवायचा नाही. जावळाच्या वेळी आत्याने हट्ट धरला तरी नाही. तहान आईला लागते. पाण्याची बाटली तिच्या उशाशी ठेवा.

डॉक्टरकडे लगेच कधी जायचं?

पाचव्या दिवसानंतर आठ तासांत एकही सू नाही, बाळ जागंच होत नाही किंवा छातीला धरल्यावर चोखतच नाही, तोंड कोरडं, टाळू आत गेलेली, अंगाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा उलट हातपाय आणि पोटही गार. पिवळेपणा पोटाखाली, पायांपर्यंत उतरलेला. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला तर तोही तातडीचा. पहिल्या आठवड्यातला ताप कधी केवळ अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे येतो, कधी जंतुसंसर्गामुळे, आणि घरी बसून त्यात फरक करता येत नाही. तापाचं औषध पाजून रात्र काढू नका. बाळ सुस्त असेल आणि गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेतही पाजत राहा, आणि मोजणीचा कागद सोबत न्या. आकस्मिक विभागात पहिला प्रश्न शेवटची सू कधी झाली हाच असतो.

डायपर किती दिवस मोजायचे?

बाळ जन्माच्या वजनावर परत आलं आणि त्यानंतरच्या आठवड्यात वजन वाढत राहिलं की कागद बंद केला तरी चालेल. महिना-सव्वा महिन्यानंतर सगळं चित्रच बदलतं: सूच्या वेळा थोड्या कमी होतात पण प्रत्येक वेळी जास्त होते, आणि अंगावर पिणारं बाळ तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाही. शी मऊ असेल, पोट टम्म नसेल आणि वजन वाढत असेल तर त्याला काही करायचं नाही. साबणाचा तुकडा किंवा विड्याच्या पानाचा देठ तर मुळीच नाही.